हॉटेलचं बुकिंग रद्द झालं, आता पैसे परत मागायचं पत्र कसं लिहायचं (माझ्या दोन पत्रांवरून)

माझं पहिलं पत्र दोन पानांचं होतं. त्यात आईचं बाथरूममध्ये पडणं, खुब्याचं फ्रॅक्चर, ऑपरेशनची तारीख, पोरांचं रडणं, हॉटेलच्या मॅनेजरचा फोनवरचा सूर, सगळं सगळं होतं. दोन दिवसांनी हॉटेलकडून उत्तर आलं, "आईंना लवकर बरं वाटो, आमच्या शुभेच्छा." बस. पैशांबद्दल एक अक्षर नाही. आणि चिडून परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्यांची तरी काय चूक, माझ्या दोन पानांत नेमकी किती रक्कम, कशाच्या आधारावर, कधीपर्यंत, हे कुठेच धड लिहिलेलं नव्हतं.

दुसरं पत्र एका पानाचं लिहिलं आणि १७ दिवसांत पूर्ण पैसे आले. या दोन पत्रांत जो फरक होता तोच खाली पायरीपायरीने सांगतोय. हॉटेलशी थेट बुकिंग केलंय, आगाऊ पैसे भरलेत आणि आता ते "पुढच्या वेळी अ‍ॅडजस्ट करू" म्हणतायत, अशी तुमची केस असेल तर जवळपास जसंच्या तसं वापरता येईल.

आधी माझी केस, म्हणजे पुढचे आकडे कळतील

तारकर्लीजवळचं एक छोटं रिसॉर्ट, नाव सांगत नाही. २७ ते २९ डिसेंबर २०२५, दोन खोल्या, दोन रात्री. खोलीचा दर रात्रीला ४,२०० म्हणजे १६,८००, त्यावर ५ टक्के जीएसटी ८४०, एकूण १७,६४०. निम्मी रक्कम ८,८२० मी २ नोव्हेंबरला यूपीआयने भरली. कन्फर्मेशनच्या मेसेजमध्ये त्यांनीच लिहिलं होतं की चेक-इनच्या ७ दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत, ७ ते ३ दिवसांत निम्मी, त्यानंतर काही नाही. आई पडली म्हणून मी १७ डिसेंबरला रात्री ९.४० ला व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग रद्द केलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन, "सर पैसे परत नाही होत, क्रेडिट ठेवतो, मे महिन्यापर्यंत कधीही या." मी म्हटलं मेसेजमध्ये तर पूर्ण परत लिहिलंय, तर म्हणाला "ते नॉर्मल सीझनला, हा पीक सीझन आहे." आणि मग पीक सीझनचे वेगळे नियम लिहिलेला एक फोटो पाठवला, जो मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

१. पत्र लिहायच्या आधी ठरवा, तुमचा मुद्दा हक्काचा आहे की विनंतीचा

इथेच बरेच जण घसरतात. तीन प्रकार असतात आणि तिन्हींचं पत्र वेगळं.

पहिला, हॉटेलने स्वतः बुकिंग रद्द केलं (ओव्हरबुकिंग, काम काढलं, लग्नाला अख्खं हॉटेल दिलं). इथे टॅक्ससकट सगळी रक्कम मागायची, कुठलीही कपात मान्य करायची नाही. दुसरा, तुम्ही रद्द केलं पण त्यांच्याच नियमांत बसून, मुदतीच्या आत. हा पण हक्काचाच मुद्दा, माझा हाच होता. तिसरा, तुम्ही मुदतीनंतर रद्द केलं किंवा बुकिंग करतानाच स्वस्त दर घेतला होता ज्यावर स्पष्ट लिहिलं होतं की पैसे परत मिळणार नाहीत. मग ती विनंती आहे, आणि विनंतीच्या पत्रात ग्राहक कायद्याची भाषा काढली की समोरचा उलट ताठ होतो. तिथे तारीख बदलून मागा, किंवा विचारा की ती खोली दुसऱ्या कुणाला दिली गेली का, दिली असेल तर काही भाग परत द्या. आजारपण असेल तर ते कारण इथे कामाला येतं.

पहिल्या दोन प्रकारांत मात्र कारण लिहायची गरजच नाही. मी आईचं लिहिलं आणि हॉटेलने विषय पैशांवरून सहानुभूतीवर नेला. मुदतीच्या आत रद्द करायला कारण लागत नाही, मग ते कशाला द्यायचं.

२. पैसे नेमके कुणाच्या खिशात गेलेत ते बघा

थेट हॉटेलला भरले असतील तर पत्र हॉटेलला. ट्रॅव्हलच्या अ‍ॅपवरून बुकिंग करून अ‍ॅपलाच पैसे भरले असतील तर तक्रार आधी अ‍ॅपमध्ये नोंदवायची आणि तो तक्रार क्रमांक घालून हॉटेलला पत्र लिहायचं, की कॅन्सलेशन चार्ज माफ करायला तुमची हरकत नाही असं अ‍ॅपला मेलवर कळवा. नाहीतर काय होतं, अ‍ॅपवाले म्हणतात हॉटेल मान्य करत नाही, हॉटेलवाले म्हणतात पैसे आमच्याकडे आलेच नाहीत, आणि तुम्ही मधल्या मध्ये चेंडूसारखे फिरता.

थेट भरले असले तरी एक गोम असते. पाटीवरचं नाव आणि पैसे घेणारं नाव बहुतेक वेळा वेगळं असतं. माझ्या यूपीआयच्या पावतीवर रिसॉर्टचं नावच नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. पत्र कुणाच्या नावाने काढायचं मग? पावतीवर किंवा बिलावर १५ अक्षरी जीएसटी नंबर असेल तर gst.gov.in वर करदाता शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही, तिथे तो नंबर टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव कळतं. पत्रात दोन्ही नावं घाला, पाटीवरचं आणि कायदेशीर. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर चुकीच्या नावामुळे महिने वाया जातात.

३. हे कागद आधी एका फोल्डरमध्ये गोळा करा

- बुकिंगचं कन्फर्मेशन, ज्यात रद्द करायचे नियम दिसतात (मेसेज, मेल, वेबसाइटचा स्क्रीनशॉट, जे असेल ते)
- पैसे भरल्याची पावती. यूपीआय असेल तर १२ आकडी व्यवहार क्रमांक, कार्ड असेल तर स्टेटमेंटमधली ती ओळ
- रद्द केल्याचा मेसेज, तारीख आणि वेळ दिसेल असा
- त्यानंतर हॉटेल जे जे बोललं त्याची लेखी नोंद
- बुकिंग एकाच्या नावावर आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यातून गेले असतील तर तसं सांगणारी पत्रातली एक ओळ

शेवटचं क्षुल्लक वाटतं पण बुकिंग बायकोच्या नावावर आणि पैसे नवऱ्याच्या फोनवरून हे आपल्याकडे सर्रास असतं, आणि हॉटेलला वेळ काढायला ते निमित्त पुरतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं एक सांगतो. नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा, आणि त्या चॅटवर आपोआप गायब होणारे मेसेज चालू नाहीत ना ते बघा. समोरच्याने नंतर पाठवलेला मेसेज डिलीट केला तर तुमच्याकडे प्रत हवी. मॅनेजरने पीक सीझनचा फोटो पाठवला ती वेळ १८ डिसेंबर, सकाळी ११.१२. पुढे माझ्या बाजूने सगळ्यात जास्त बोलला तो हाच फोटो, कारण बुकिंग २ नोव्हेंबरचं, रद्द केलं १७ डिसेंबरला, आणि नियम दाखवला त्यानंतर. बुकिंग करताना जे नियम दाखवले तेच लागू.

फोनवर बोलणं झालं असेल तर फोन ठेवल्या ठेवल्या एक मेसेज टाका, "आत्ता आपण बोललो त्याप्रमाणे तुम्ही रोख परतावा नाकारून क्रेडिट देऊ केलंय, मला ते मान्य नाही." ते उत्तर देवोत न देवोत, नोंद झाली.

४. दिवस मोजा, आणि हॉटेलच्या सोयीने मोजा

७ दिवस म्हणजे कुठून कुठपर्यंत यावर भांडण होतंच. चेक-इन दुपारी १२ चं, मी रद्द केलं रात्री ९.४० ला, म्हणजे ९ दिवस आणि १४ तासांच्या वर. मेसेज रात्री आला म्हणून दुसरा दिवस धरा, चेक-इनचा दिवस सोडून द्या, तरी ९ च्या खाली येत नाही. पत्रात मी "१० दिवस आधी" असं न लिहिता "९ दिवसांहून अधिक" लिहिलं. आपला आकडा आपल्याला जास्तीत जास्त सोयीचा असण्यापेक्षा हॉटेलला खोडताच येणार नाही असा असावा. तुमचं ७ दिवसांच्या अगदी काठावर असेल तर तास लिहा, तारखा नको.

५. आता पत्र

लिहिताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा. हे पत्र मॅनेजर वाचणार हे खरं, पण लिहायचं तिसऱ्या माणसासाठी, ज्याला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. उद्या हेल्पलाइनवरचा माणूस, बँकेचा माणूस किंवा आयोगातले सदस्य हे एक पान वाचतील, आणि त्यांना दुसरं काही न विचारता कळलं पाहिजे की झालं काय आणि याला हवंय काय. त्यामुळे टोमणे, "मी तुमच्याकडे तीन वर्षं येतोय", "माणुसकी म्हणून" वगैरे सगळं बाहेर. खाली माझंच पत्र, नावं काढून.

> दिनांक ५ जानेवारी २०२६
>
> प्रति,
> मालक / व्यवस्थापक,
> (हॉटेलचे नाव आणि कायदेशीर नाव), (पूर्ण पत्ता)
>
> विषय: बुकिंग क्र. (...) रद्द केल्यानंतर आगाऊ भरलेले रु. ८,८२० परत मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> १. मी २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्याकडे २७ ते २९ डिसेंबर २०२५ साठी दोन खोल्या बुक केल्या व त्याच दिवशी यूपीआयने रु. ८,८२० आगाऊ भरले (व्यवहार क्र. ...). पावती सोबत जोडली आहे (जोडपत्र अ).
>
> २. आपण त्याच दिवशी पाठवलेल्या कन्फर्मेशनमध्ये "चेक-इनच्या ७ दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत" असे नमूद आहे (जोडपत्र ब). त्यात सीझननुसार वेगळा नियम दिलेला नाही.
>
> ३. मी १७ डिसेंबर २०२५ रोजी रात्री ९.४० वाजता, म्हणजे चेक-इनच्या ९ दिवसांहून अधिक आधी, व्हॉट्सअ‍ॅपद्वारे बुकिंग रद्द केले. आपल्याकडून तो संदेश त्याच रात्री वाचला गेला (जोडपत्र क).
>
> ४. १८ डिसेंबर रोजी आपण परतावा नाकारून पुढील वास्तव्यासाठी क्रेडिट देऊ केले व पीक सीझनचे वेगळे नियम प्रथमच पाठवले (जोडपत्र ड). हे नियम बुकिंगच्या वेळी मला दिलेले नव्हते. क्रेडिटचा पर्याय मला मान्य नाही.
>
> तरी रु. ८,८२० ही पूर्ण रक्कम २० जानेवारी २०२६ पर्यंत, ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी व व्यवहार क्रमांक मला ईमेलने कळवावा. या तारखेपर्यंत रक्कम न मिळाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये तक्रार नोंदवेन.
>
> आपला,
> (नाव, पत्ता, फोन, ईमेल)

बघा, यात प्रत्येक वाक्याला मागे एक कागद आहे. विषयातच रक्कम आहे, कारण पुष्कळदा मालक तेवढंच वाचतो. शेवटची तारीख कॅलेंडरची आहे, "लवकरात लवकर" नाही. धमकीही एकच आणि मी खरंच करणार होतो तीच. वाईट रिव्ह्यू टाकेन, पोलिसात जाईन असलं काही लिहू नका. हा पोलिसांचा विषय नाही, आणि पैसे दिले नाहीत तर रिव्ह्यू टाकेन हे तिसऱ्या माणसाला ब्लॅकमेलसारखं दिसतं. रिव्ह्यू लिहायचा तर खुशाल लिहा, पत्रात त्याचा सौदा नको.

मानसिक त्रासाचे २५ हजार वगैरेही या पत्रात टाकू नका असं माझं मत आहे. वकील मित्राचं मत उलटं आहे, तो म्हणतो मागायला काय जातं. पण साडेआठ-नऊ हजारांसाठी जवळपास ३४ हजारांची मागणी बघितली की मालक पैसे द्यायच्या ऐवजी स्वतःच्या वकिलाला फोन करतो. नुकसानभरपाई आयोगाकडे तक्रार करताना मागता येतेच.

भाषा, महाराष्ट्रातलं हॉटेल असेल तर मराठी बिनधास्त. बाहेरच्या राज्यातलं असेल तर इंग्रजी किंवा हिंदी, उगाच समजलं नाही म्हणायला जागा ठेवू नका.

६. पाठवायचं कसं

ईमेलवर पीडीएफ, जोडपत्रांसकट एकाच फाइलमध्ये. तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि छापून सही करून स्पीड पोस्टने. हसू नका, स्पीड पोस्टचा लिफाफा आला की छोट्या हॉटेलात तो मॅनेजरच्या टेबलावरून थेट मालकाकडे जातो, मेल मॅनेजरच्याच इनबॉक्समध्ये मरतो. पोस्टाची पावती जपा आणि ट्रॅकिंगवर पोचल्याचं दिसलं की लगेच स्क्रीनशॉट काढा, काही आठवड्यांनी ते तिथे दिसत नाही.

७. उत्तरात येणारे सापळे

मला १७ जानेवारीला उत्तर आलं, "८,००० परत करतो, ८२० प्रोसेसिंग चार्ज, फुल अँड फायनल म्हणून ओके लिहा." इथे घाईत ओके लिहिलं असतं तर विषय तिथेच संपला असता. बँक खात्यातून साधं यूपीआय पेमेंट घेतलं की दुकानदाराला त्यावर एमडीआर, म्हणजे पेमेंट घेण्याचं कमिशन, लागत नाही, २०२० पासून ते शून्य आहे, मग प्रोसेसिंग कसलं? मी एका ओळीत कळवलं की कन्फर्मेशनमध्ये असा चार्ज लिहिलेला नाही, पूर्ण रक्कम द्यावी, आणि तुम्ही ८,००० पाठवलेत तर ते अंशतः मिळाले असं धरेन. क्रेडिट कार्डाने भरलं असेल तर मात्र हॉटेलचं गेटवेचं कमिशन खरंच गेलेलं असतं, तिथे थोडी कपात मान्य करायची की नाही हे तुम्ही ठरवा.

जीएसटी सरकारला भरला, तो परत नाही मिळत, हेही ऐकवतात. पूर्ण बुकिंग रद्द होऊन आगाऊ रक्कम परत केली तर हॉटेल रिफंड व्हाउचर काढून तो हिशोब नीट करू शकतं. ते त्यांचं काम, तुमचा तोटा नाही.

क्रेडिट किंवा व्हाउचर घ्यायचंच असेल, म्हणजे तुम्हाला खरंच मे महिन्यात जायचंय, तर मुदत, सुट्टीच्या दिवसांत चालेल का, दर वाढले तर फरक कुणी द्यायचा आणि दुसऱ्याच्या नावावर करता येईल का, हे चारही लेखी घ्या.

आणि सगळ्यात वाईट सापळा हॉटेलचा नसतोच. हॉटेलचा कस्टमर केअर नंबर नेटवर शोधू नका. तिथे चोर बसलेले असतात, रिफंड देतो म्हणून क्यूआर कोड पाठवतात आणि पिन टाकायला सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की तुमचे जातात. कन्फर्मेशनवर जो नंबर आहे तोच वापरा.

८. तारीख उलटली तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. ते तुमची तक्रार हॉटेलकडे पाठवतात आणि उत्तर मागतात, पण ते कोर्ट नाही, हुकूम देत नाहीत. मोठ्या साखळीतलं हॉटेल असेल तर तेवढ्याने हलतं, गावातलं रिसॉर्ट कदाचित दादही देणार नाही.

कार्डाने भरलं असेल तर त्याच वेळी बँकेत डिस्प्यूट टाका. याला मुदत असते, त्यामुळे हॉटेलच्या गोड बोलण्यावर महिने घालवू नका. इथे तेच एक पान आणि तीच जोडपत्रं जशीच्या तशी लागतात.

त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग. हॉटेल सिंधुदुर्गात आणि तुम्ही पुण्यात, तरी तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हा २०१९ च्या कायद्यातला फार मोठा फायदा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन e-jagriti.gov.in वरून करता येते. वेळ मात्र लागतो, आठ हजारांसाठी तारखांना जायचं का हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझ्यावर ती वेळ आली नाही.

९. पैसे आल्यावर

२२ जानेवारीला, म्हणजे मुदत उलटून दोन दिवसांनी, ८,८२० खात्यात आले. "पाठवलेत सर" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, व्यवहार क्रमांक मागा. कार्डावर परतावा असेल तर एआरएन, म्हणजे त्या परताव्याचा २३ आकडी संदर्भ क्रमांक, मागायचा, तो बँकेला दिला की पैसे कुठे अडकलेत ते त्यांना शोधता येतं. क्रमांक देता येत नसेल तर बहुतेक वेळा पैसे निघालेलेच नसतात.

रक्कम मिळाली असं एका ओळीत कळवून टाका. आणि त्याच मेलमध्ये मी अजून एक मागणी केली जी आधी सुचलीच नव्हती, बुकिंगच्या वेळी चौघांच्या आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते ते डिलीट करा. मॅनेजरने "हो सर, केले" म्हटलंय, खरंच केले का ते देव जाणे, पुढच्या वेळी यूआयडीएआयच्या साइटवरून पहिले आठ आकडे झाकलेलं आधार डाउनलोड करून तेच पाठवणार.